पोहून आलं की घड्याळाचा आवाज का बसतो?

पोहून बाहेर आल्यावर स्मार्टवॉचवरून फोन लावला आणि आवाज दबका, घोगरा झालाय असं वाटलं, तर आधी एक गोष्ट ठरवून घ्यावी. नीट ऐकू कुणाला येत नाहीये, आपल्याला की समोरच्याला? आपल्याला येत नसेल तर पाणी स्पीकरपाशी अडकलंय. समोरचा "काय? परत सांग" म्हणत असेल तर ते माइकपाशी अडकलंय. बहुतेक जण हा फरक करत नाहीत. ते पाणी बाहेर टाकणारं बटण दाबत बसतात आणि घड्याळ बिघडलं असं ठरवून मोकळे होतात. ते बटण स्पीकरसाठी आहे. माइकला त्याचा फारसा उपयोग नाही.

पाण्यात चालणाऱ्या घड्याळात पाणी शिरूच नये अशी आपली समजूत असते. पण स्पीकर आणि माइक यांना हवा लागते, त्यामुळे त्यांची भोकं बुजवून चालत नाही. म्हणून भोकाच्या आत एक अतिशय पातळ पडदा बसवतात. हा पडदा बहुधा नॉनस्टिक तव्यावर असतो त्या टेफ्लॉनच्या जातीचा असतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा आणि वाफ जाते, पाणी जात नाही. म्हणजे घड्याळाच्या पोटात पाणी गेलेलं नसतं. ते पडद्याच्या बाहेर, जेमतेम मिलिमीटरभर रुंदीच्या फटीत बसलेलं असतं. अशा अरुंद जागेत पाण्याचा पृष्ठताण त्याच्या वजनापेक्षा जोरकस ठरतो, त्यामुळे घड्याळ उलटं धरलं तरी थेंब खाली पडत नाही.

आता या पडद्याला आवाजाबरोबर थरथरायचं असतं, आणि पाठीवर पाणी असलं की तो जड होतो. जड वस्तू सावकाश हलू शकते, झरझर हलू शकत नाही. म्हणून जाड, खालचे स्वर थोडेफार पार होतात आणि वरचे गळून जातात. स, श, च, त या व्यंजनांची ओळख नेमकी वरच्या स्वरांत असते. त्यामुळे फोनवर कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. 'सात' म्हटलं की 'आठ', असा घोळ होतो.

स्पीकरपाशी अडकलेलं पाणी काढायला स्पीकरच कामाला लावायचा, ही युक्ती ॲपलने 2016 साली सीरिज 2 या घड्याळात आणली. सॅमसंगच्या गॅलेक्सी घड्याळांतही तशी सोय आहे. पोहण्याआधी 'वॉटर लॉक' चालू करायचं. नियंत्रणांच्या पडद्यावर त्याचं थेंबाचं चिन्ह असतं, आणि ॲपलच्या घड्याळात पोहण्याचा व्यायाम निवडला की ते आपोआप लागतं. या नावामुळे भोकं बंद होत असतील असं वाटतं, पण तसं काही होत नाही. पाण्याच्या स्पर्शाने पडद्यावरची बटणं दाबली जाऊ नयेत एवढंच ते करतं. खरं काम ते बंद करताना होतं. बाजूची चकती दाबून धरली की स्पीकर टूं टूं असे आवाज काढतो. त्या वेळी त्याचा पडदा मोठ्या पल्ल्याने पुढे-मागे होतो आणि पाणी बाहेर ढकलतो. मनगटावर बारीक थेंब आलेले दिसतात.

इथे एक बारकावा आहे. बाहेर आलेला थेंब फटीच्या तोंडाशी तसाच राहिला तर तोच पुन्हा आत ओढला जातो. म्हणून स्पीकरची बाजू खाली करून धरावी, आवाज थांबला की तिथलं पाणी सुती कापडाने टिपावं आणि मग पुन्हा एकदा चालवावं. पुसता पुसता दोन-तीनदा केलं की बरंच पाणी निघतं.

माइकला मात्र ढकलण्याची ताकदच नसते. तो फक्त ऐकतो. शिवाय 2018 च्या सीरिज 4 पासून ॲपलने माइक स्पीकरच्या समोरच्या कडेला, चकती आणि बटण यांच्यामध्ये नेला, म्हणजे बोलताना आवाजाचा प्रतिध्वनी येऊ नये. त्यामुळे डाव्या कडेचा स्पीकर कितीही थरथरला तरी उजव्या कडेचं पाणी जागचं हलत नाही.

पुण्यातल्या माझ्या मावसबहिणीचं गेल्या पावसाळ्यात असंच झालं. सकाळी सोसायटीच्या तलावावरून निघताना ती घड्याळावरूनच घरी फोन करते. नवऱ्याने विचारलं, "तू गोधडीत तोंड खुपसून बोलतेयस का?" तिला मात्र त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. दिवसभर ती पाणी बाहेर टाकायची सोय चालवत राहिली, संध्याकाळी तक्रार तशीच. मी तिला दोन चाचण्या करायला सांगितल्या. पहिली, घड्याळावर टायमर लावायचा आणि तो वाजताना आवाज खणखणीत येतो का ते ऐकायचं. तो आला, म्हणजे स्पीकर ठीक. दुसरी, घड्याळातल्या व्हॉइस मेमोजमध्ये चार वाक्यं बोलायची आणि ती फोनच्या स्पीकरवर वाजवायची. फोनवर ती दबकी आली. दोष माइकचा, हे पक्कं झालं. फोनवर ऐकणं महत्त्वाचं, कारण घड्याळावरच ऐकलं तर दोन्हींचा दोष एकमेकांत मिसळतो. कानात ब्लूटूथ इअरबड घालून केलेल्या फोनवरूनही काही कळत नाही. तेव्हा घड्याळाचा माइक बहुधा वापरातच नसतो.

मग तिने जे केलं ते ऐकायला उफराटं वाटतं. घड्याळ नळाच्या कोमट पाण्याच्या बारीक धारेखाली धुतलं. तलावाचं पाणी वाळलं की त्यातले क्षार मागे राहतात, आणि पोहणाऱ्याच्या अंगावरचं तेल, सनस्क्रीन, घाम हेही त्यात असतात. हे सगळं फटीत चिकटून बसलं तर पाणी उडून गेलं तरी आवाज मोकळा होत नाही. समुद्रात पोहून आल्यावर तर हे धुणं चुकवूच नये. तारकर्लीला किंवा गोव्याला डुंबून आलात आणि घड्याळ तसंच वाळवलं, तर मीठ फटीत राहतं. समुद्राच्या मिठात हवेतली ओल ओढून घेणारे क्षार असतात, म्हणून कोकणातल्या हवेत ते धड सुकतही नाही.

धुतल्यानंतर टिश्यू पेपरची कड माइकच्या भोकाला नुसती टेकवायची. आत खुपसायची नाही. ज्या पृष्ठताणाने पाणी फटीत धरून ठेवलंय, तेच कागदाच्या धाग्यांत ओढलं जातं. टाचणी, टूथपिक, सिमचं ट्रे उघडायची पिन यांपैकी काहीही भोकात घालू नये, पडदा फाटला की कायमचा गेला. तोंडाने फुंकणं, हेअर ड्रायर आणि कॉम्प्रेसरची हवा हेही नको. झटकूनही काही साधत नाही. तांदळाच्या डब्यात ठेवायचा आपला घरगुती उपाय तर अगदीच निरुपयोगी, उलट तांदळाचं पीठ भोकात जातं.

सर्वांत उपयोगी पडला तो चार्जर. घड्याळाची पाठ नीट कोरडी पुसून तिने रात्रभर चार्जिंगला लावलं. ॲपलही हाच सल्ला देतं, आणि पावसाळ्यात तो किती लागू पडतो हे थोड्या हिशेबाने दिसतं. समजा खोलीत 30 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता आहे. हवा जवळजवळ भरलेली, आणखी वाफ घ्यायला तिच्यात दहा टक्केच जागा. त्याच तापमानाला पन्नास टक्के आर्द्रतेच्या दिवशी पाणी जेवढ्या वेगाने उडेल, त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याने ते इथे उडतं. आता चार्जिंगमुळे घड्याळ पाच अंशांनी गरम झालं असं धरा. फटीतल्या पाण्याचा वाफ होण्याचा जोर इतका वाढतो की त्याच दमट खोलीत ते चौपट वेगाने सुकतं. एसी चालू असेल तर आणखी बरं, कारण त्यानेही हवा कोरडी होते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून घड्याळ ठेवणंही चालतं. फक्त त्या पुड्या जुन्या, आधीच ओल पिऊन तट्ट झालेल्या नसाव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तीच चार वाक्यं पुन्हा रेकॉर्ड केली, स्वच्छ.

(जाता जाता: पाणी हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या भोकापाशीही अडकतं. पोहून आल्यावर घड्याळाने चढलेले मजले भलतेच दाखवले, तर तेही याच ओलीमुळे असू शकतं.)

असं नेहमीच निस्तरत नाही. दोन दिवस नीट वाळवूनही दोन्हींपैकी एखाद्या चाचणीत आवाज दबकाच राहिला, खरखर यायला लागली, तर पडद्यावरच काहीतरी बसलंय किंवा तो पाणी झिरपू देतोय असं समजावं. यामागे बऱ्याचदा साबण असतो. पाण्याचा पृष्ठताण साबणाने निम्म्याहून खाली येतो, आणि मग जे पाणी त्या सूक्ष्म छिद्रांतून जाऊ शकत नव्हतं ते जातं. म्हणून पोहून झाल्यावर घड्याळ हातात ठेवून शांपू लावणं हे पोहण्यापेक्षा जास्त घातक आहे. स्टीम रूमचंही तेच. तिथे पाणी वाफेच्या रूपात पडदा पार करतं आणि आत जाऊन थेंब होतं. काचेच्या आतल्या बाजूला धुकं दिसू लागलं तर मात्र वाळवत बसू नये, घड्याळ बंद करून सेवा केंद्रात न्यावं. पाण्याने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आणि आपल्याकडे दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या ब्लूटूथ कॉलिंगच्या घड्याळांबद्दल. त्यांतल्या बऱ्याच घड्याळांवर IP67 किंवा IP68 असं लिहिलेलं असतं. IP67 म्हणजे एक मीटर स्वच्छ, स्थिर पाण्यात तीस मिनिटं. पोहण्यासाठी वेगळं मोजमाप लागतं, ते खोक्यावर 5ATM किंवा 50 मीटर असं छापतात. फक्त IP लिहिलेलं असेल तर पोहायला जाताना घड्याळ बाकावर ठेवलेलंच बरं. पाणी बाहेर टाकायची सोय त्यांतल्या अनेकांत नसते, तेव्हा पावसात भिजलं तर टिश्यूची कड, कोरडी पाठ आणि चार्जर हाच उपाय. 5ATM वाल्यांनाही ही राखण जन्मभराची नाही. रबरी सील जुने होतात, घड्याळ एकदा दणकन आपटलं तरी फट पडते, आणि पुन्हा तपासून किंवा सील करून देता येत नाही असं ॲपल स्वतःच सांगतं. म्हणून घड्याळ कोरडं असताना, आजच, चार वाक्यांचं एक रेकॉर्डिंग करून फोनवर ठेवावं. पुढे कधी आवाज बसल्यासारखा वाटला, तर ते आणि ताजं रेकॉर्डिंग एकापाठोपाठ एक वाजवलं की कानाला लगेच कळतं.