सांध्यातला खड्डा

‘टेम्पल रन’सारख्या खेळातली वाट संपत नाही, कारण आधीच तयार केलेले तुकडे धावणाऱ्यापुढे एकेक करून जोडले जातात.

घोळ होतो तो सांध्यावर. समजा, वेग सेकंदाला 10 मीटर आणि उडी अर्ध्या सेकंदाची, म्हणजे झेप 5 मीटर. एका तुकड्याच्या शेवटी 3 मीटरचा खड्डा आहे, पुढच्याच्या सुरुवातीलाही तेवढाच. सुटे तपासले तर दोन्ही सहज पार होतात. जोडले की 6 मीटर! खेळाडू बिचारा स्वतःच्या बोटांना दोष देतो.

म्हणून प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना 2 मीटर सलग जमीन ठेवतात. शिवाय एकाची बाहेर पडण्याची उंची दुसऱ्याच्या प्रवेशाशी जुळली, तरच जोडणी होते. पुढचा तुकडा अंदाजे लांबीवर न ठेवता आधीच्याच्या शेवटच्या बिंदूलाच टेकवला, की बारीक फटही दिसत नाही.