पॅकिंग लिस्ट: वजनाचे दोन रकाने आणि खोक्यांचे नंबर

मागच्या महिन्यात एका गटात माल भरण्याचं काम चालू होतं. शेंगदाणा चटणी आणि उडदाचे पापड एका निर्यातदारामार्फत परदेशी जाणार होते. त्यांनी पाठवलेला तक्ता बघून एक ताई म्हणाल्या, "अगं, वजन तर एकच असतं ना? मग दोन रकाने कशाला?" तोच प्रश्न इतर गटांतूनही येतो, म्हणून इथे लिहिते आहे.

त्या तक्त्याला पॅकिंग लिस्ट म्हणतात. किंमत इन्व्हॉइसमध्ये असते. कोणत्या खोक्यात काय आहे, किती आहे आणि वजन किती, हे पॅकिंग लिस्ट सांगते. कस्टमचा अधिकारी आपला माल ओळखत नाही. त्याच्या हातात हा कागद असतो आणि समोर खोकी असतात. दोन्ही जुळतात का, एवढंच तो बघतो.

कांदा मार्केटला नेताना बारदान आपल्याला माहीत आहे. गोणीसकट वजन होतं आणि गोणीचं वजा करतात. इथेही तसंच आहे. नेट वेट म्हणजे निव्वळ मालाचं वजन. ग्रॉस वेट म्हणजे माल, पाऊच, खोकं आणि चिकटपट्टी, सगळं धरून. त्यामुळे ग्रॉस नेहमी नेटपेक्षा जास्तच असतं. दोन्ही रकान्यांत एकच आकडा दिसला, की वजन न करताच लिहिलं हे अधिकाऱ्याला लगेच कळतं.

आपण त्या गटाचाच हिशोब करून बघू. चटणीचा पाऊच २०० ग्रॅमचा, एका खोक्यात ५० पाऊच. म्हणजे नेट १० किलो. रिकामा पाऊच ८ ग्रॅमचा, ५० पाऊचचे ४०० ग्रॅम. रिकामं खोकं पट्टीसकट ६०० ग्रॅम. ग्रॉस झालं ११ किलो. अशी १५ खोकी.

पापडाचं पाकीट २५० ग्रॅमचं, एका खोक्यात २४ पाकिटं. नेट ६ किलो. पाकिटांचं प्लॅस्टिक १२० ग्रॅम आणि खोकं ७८० ग्रॅम धरून ग्रॉस ६.९० किलो. अशी ९ खोकी भरली आणि १६ पाकिटं उरली. ती शेवटच्या खोक्यात गेली. त्याचं नेट ४ किलो, ग्रॉस ४.८६ किलो.

लिस्ट अशी झाली:

खोकी १ ते १५: शेंगदाणा चटणी, ७५० पाऊच, नेट १५० किलो, ग्रॉस १६५ किलो
खोकी १६ ते २४: उडीद पापड, २१६ पाकिटं, नेट ५४ किलो, ग्रॉस ६२.१० किलो
खोकं २५: उडीद पापड, १६ पाकिटं, नेट ४ किलो, ग्रॉस ४.८६ किलो
एकूण २५ खोकी: नेट २०८ किलो, ग्रॉस २३१.९६ किलो

आधी त्या ताईंनी पापडाची दहाही खोकी भरलेलीच धरली होती. मग पापड ६० किलो झाले असते, प्रत्यक्षात ५८ च होते. अर्धवट खोक्याची ओळ वेगळीच लिहायची.

दुसरी चूक नंबरांची. चटणीला १ ते १५ नंबर दिले आणि पापडाला परत १ पासून सुरुवात केली. म्हणजे १ नंबरची दोन खोकी झाली. अधिकारी सगळी खोकी उघडत नाही, काही निवडतो. "१७ नंबर उघडा" म्हणाला, तर त्यात पापडच निघाले पाहिजेत. म्हणून पूर्ण मालाला एकच क्रम द्यायचा. खोक्यावर १७/२५ असं, म्हणजे पंचवीसपैकी सतरावं, ठळक अक्षरात लिहायचं. लिस्टमधला नंबर आणि खोक्यावरचा नंबर एकच हवा. मालाचं नावही स्पष्ट लिहायचं. नुसतं 'खाद्यपदार्थ' लिहून चालत नाही.

हेच आकडे इन्व्हॉइसमध्ये आणि कस्टम एजंट भरतो त्या शिपिंग बिलात जातात. न्हावा शेवा बंदरावर तफावत निघाली, तर कागद दुरुस्त होईपर्यंत माल थांबतो. जहाज चुकू शकतं आणि साठवणुकीचं भाडं चढतं.

म्हणून लिस्ट देण्याआधी दोन गोष्टी तपासा. पाकिटावर छापलेलं वजन गुणिले पाकिटांची संख्या, हे नेटशी जुळतं का? आणि पट्टी मारल्यावर खोकं काट्यावर ठेवलं, तर ग्रॉसशी जुळतं का? रिकामं खोकं आणि दहा रिकामे पाऊच एकदा तोलून वहीत लिहून ठेवा. खोक्याचा किंवा पाऊचचा पुरवठादार बदलला, की परत तोला, कारण जाडी बदलली की वजन बदलतं.