दुखऱ्या गुडघ्यावरील जेल : किती, कितीदा आणि कसे?

गुडघा ठणकू लागला की आपण कपाटातली जेलची ट्यूब काढतो, वाटाण्याएवढे जेल वाटीवर चोळतो आणि वर क्रेप बँडेज घट्ट आवळतो. त्यात दोन चुका होतात. औषध कमी पडते आणि बँडेज त्वचेला इजा करते.

आपल्याकडे बहुधा डायक्लोफेनॅक हे सूज उतरवणारे औषध असलेले जेल वापरले जाते. 1 टक्का डायक्लोफेनॅक असलेल्या जेलची संधिवातासाठीची नेहमीची मात्रा एका गुडघ्याला एका वेळी 4 ग्रॅम, दिवसातून 4 वेळा अशी आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ ओढली, तर साधारण अर्धा ग्रॅम जेल येते. म्हणजे अशा 8 रेघा झाल्या. दिवसाला 16 ग्रॅम लागले, तर 30 ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरणार नाही. तीच ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर ‘जेलचा गुण येत नाही’ या तक्रारीचे कारण तिथेच असू शकते. मात्र आपल्या ट्यूबवरील प्रमाण पाहावे. डॉक्टरांनी कमी मात्रा सांगितली असेल, तर तीच पाळावी.

जेल कोरड्या, अखंड त्वचेवर गुडघ्याच्या पुढे, दोन्ही बाजूंना आणि मागेही हळुवार पसरावे. जोर लावून रगडू नये. दहा मिनिटे वाळू द्यावे, मगच कपडा अंगावर घ्यावा. तासभर गुडघा धुऊ नये. लावणाऱ्याने हात साबणाने धुवावेत, नाहीतर ते डोळ्यांना लागते. पूर्ण गुण यायला आठवडाभरही लागू शकतो.

आता बँडेजविषयी. समजा, आजींनी रात्री जेल लावून त्यावर बँडेज आवळले. आत ऊब आणि घाम कोंडतो, त्वचा ओलसर होऊन औषध अधिक शोषून घेते. सकाळी पट्टीच्या आकाराचा लाल, चुरचुरणारा पट्टा उमटलेला दिसतो. जेलमध्ये मेन्थॉल किंवा मिथाइल सॅलिसिलेटही असेल, तर आग अधिकच होते. शिवाय रक्तात जाणारे औषधही वाढते. म्हणून जेलवर प्लॅस्टिक, गरम पाण्याची पिशवी किंवा घट्ट नी-कॅप नको. चालताना नी-कॅप लागत असेल, तर ती काढलेल्या वेळी जेल लावावे. पुरळ उठल्यास जेल धुऊन टाकून थांबवावे.

त्वचेतून रक्तात जाणारे औषध गोळीपेक्षा फारच थोडे असले, तरी ते शून्य नसते. मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. जेलच्या जोडीला दुखण्यावरची गोळीही परस्पर घेऊ नये. गुडघा तापून लाल झाला, अंगात ताप भरला किंवा पाय टेकवेनासा झाला, तर जेलवर विसंबून न राहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.