शंभर टन उसातली साखर जाते कुठे?

गाळप हंगाम सुरू झाला की सातारा-सांगलीतल्या महाविद्यालयांच्या अभ्यासभेटी साखर कारखान्यांकडे वळतात. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा असे कारखाने या पट्ट्यात जवळजवळ आहेत. भेटीनंतर जर्नलमध्ये मात्र बहुतेकदा एकच मजकूर उतरतो : गव्हाणीत ऊस टाकला, रस काढला, शुद्ध केला, आटवला, साखर पोत्यात भरली. यात चूक काही नाही. पण एवढे तर कारखान्यात न जाताही लिहिता येते. नोंदीत काही जीव हवा असेल तर आत जाताना एकच प्रश्न सोबत घ्यावा. उसातून आलेली सगळी साखर पोत्यात जात नाही, मग उरलेली कुठे जाते?

या प्रश्नासाठी दोन मापे कळली पाहिजेत. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या सगळ्या घन पदार्थांचे शेकडा प्रमाण. त्यात साखर येते, तसे क्षार, ग्लुकोज आणि इतर द्रव्येही येतात. पोल म्हणजे ध्रुवणमापीवर मोजलेले साखरेचे प्रमाण. पोलला ब्रिक्सने भागून शंभरने गुणले की शुद्धता मिळते. रसाचा ब्रिक्स १५ आणि पोल १२.३ असेल तर शुद्धता ८२. म्हणजे विरघळलेल्या शंभर भागांपैकी ८२ भाग साखर आहे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत हे आकडे ठरावीक वेळाने तक्त्यावर चढत असतात. केमिस्टना विचारून ते उतरवून घ्यावेत आणि त्यापुढे वेळ व नमुन्याची जागा जरूर लिहावी.

पहिले निरीक्षण गिरणीवर करावे. ऊस ओळीने मांडलेल्या चार-पाच गिरण्यांतून पिळला जातो. शेवटच्या गिरणीआधी चिपाडावर गरम पाणी शिंपडतात. शेवटच्या गिरणीतून निघालेला पातळ रस तिच्या आधीच्या गिरणीकडे जाणाऱ्या चिपाडावर सोडतात, तिथला रस त्याच्याही मागे. ऊस पुढे सरकतो आणि पातळ रस उलट दिशेने मागे येतो, म्हणून थोड्या पाण्यात जास्त साखर धुऊन निघते. पहिल्या गिरणीच्या रसाचा ब्रिक्स १८ ते २० असतो, शेवटच्या गिरणीच्या रसाचा त्याहून पुष्कळ कमी. दोन्ही वाचने शेजारी लिहिली की ही सगळी युक्ती आकड्यांतच दिसते. गिरणीतून बाहेर पडलेले चिपाड मुठीत दाबून पाहिले तर रस गळत नाही, तरी त्याचे निम्मे वजन पाण्याचे असते आणि सुमारे दोन टक्के साखर त्यात शिल्लक असते. पाणी वाढवले तर तीही कमी होईल, पण ते पाणी पुढे वाफ खर्चून आटवावे लागते. पाणी किती शिंपडायचे ते या हिशेबावर ठरते.

दुसरे निरीक्षण रसशुद्धीचे. ताजा रस आम्ल असतो, सामू साधारण ५.२ ते ५.५. तो ७० अंशांच्या आसपास तापवून त्यात चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर एकाच वेळी सोडतात व सामू ७ च्या जवळ आणतात. मग रस उकळीपर्यंत नेऊन निवळायला ठेवतात. गाळ खाली बसतो आणि वरून सोनेरी, पारदर्शक रस निघतो. सामू सातलाच का धरायचा, याचे कारण जर्नलमध्ये यायलाच हवे. रस आम्ल राहिला तर उष्णतेने सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होते आणि तेवढी साखर स्फटिकासाठी कायमची गेली. चुना जास्त झाला तर ग्लुकोज-फ्रुक्टोज मोडून रस काळपट होतो आणि तो रंग साखरेत उतरतो.

हे विघटन डोळ्यांना दिसत नाही, ते आकड्यांत शोधावे लागते. निवळलेल्या रसाची शुद्धता कच्च्या रसापेक्षा थोडी जास्त हवी, कारण अशुद्धी गाळात गेली. पुढे रस आटवून पाक होतो तेव्हा फक्त पाणी जाते, म्हणून शुद्धता तेवढीच राहायला हवी. निवळ रसाची ८३ आणि पाकाची ८१.५ आली, तर वाटेत साखर मोडली असा संशय घ्यावा. म्हणूनच बाष्पपात्रांच्या रांगेत शेवटी निर्वात ठेवतात. तिथे पाक ६० अंशांच्या आसपासच उकळतो आणि साखर वाचते.

पाकाचे थेंब वाफेबरोबर उडूनही साखर जाते. वाफेचे पाणी पुन्हा बॉयलरला देण्याआधी प्रयोगशाळेत त्याची अल्फा-नॅफ्थॉल चाचणी करतात. सल्फ्युरिक आम्ल घातल्यावर जांभळे कडे दिसले तर पाण्यात साखर आहे. बारावीच्या प्रयोगवहीतली मोलिश चाचणी ती हीच. संधी मिळाली तर ही चाचणी उभे राहून पाहावी.

आता सारा हिशेब एका पानावर मांडू. पुढचे आकडे नमुन्यादाखल आहेत. विद्यार्थ्याने त्यांच्या जागी आपल्या भेटीतले घालावेत.

नमुना नोंद
हेतू : १०० टन उसातील साखरेचा ताळेबंद मांडणे.
उसातून आलेली साखर (पोल १३.५ टक्के) : १३.५० टन
चिपाडात : २८ टन × २ टक्के = ०.५६ टन
गाळात (प्रेसमड) : ३.५ टन × २ टक्के = ०.०७ टन
मळीत : ४.५ टन × ३० टक्के = १.३५ टन
पोत्यात : ११.४० टन
हिशेब न लागलेली : ०.१२ टन
उतारा : ११.४ टक्के

यातला सगळ्यात मोठा तोटा मळीत आहे. पाकाचे स्फटिक करून साखर काढली की उरलेल्या द्रवाची शुद्धता घटते. तो पुन्हा उकळून आणखी साखर काढतात, असे साधारण तीनदा. अखेरच्या मळीचा ब्रिक्स ९० आणि पोल ३०, म्हणजे शुद्धता ३३ पर्यंत येते, तेव्हा क्षार आणि चिकटपणा इतका वाढलेला असतो की उरलेली साखर स्फटिक धरत नाही. ऊस तोडून दोन-तीन दिवस पडला असेल तर हे आणखी बिघडते. जिवाणू त्यात डेक्स्ट्रान तयार करतात, पाक चिकट होतो आणि दाणे लांबट, सुईसारखे येतात. डेक्स्ट्रान ध्रुवित प्रकाशाला साखरेपेक्षाही जास्त वळवते, त्यामुळे शिळ्या उसाचा पोल खोटा वाढून दिसतो. म्हणून वजनकाट्यावर उसाच्या तोडणीची तारीख विचारून ती नोंदीत सर्वांत वर लिहावी.

दोन मर्यादाही नोंदवाव्यात. ज्या क्षणी गिरणीवर ऊस पिळला जात असतो, त्याच क्षणी पोत्यात पडणारी साखर त्या उसाची नसते. निवळण्याला दोन-तीन तास लागतात आणि स्फटिक होऊन पोते भरेपर्यंत आणखी वेळ जातो. म्हणून ताळेबंदाला एका वेळचे वाचन चालत नाही, दिवसाची सरासरी घ्यावी. दुसरे म्हणजे, कारखाना इथेनॉलसाठी रस किंवा बी-हेवी मळी वळवत असेल तर पोत्यातला उतारा कमी दिसतो, साखर मात्र वाया गेलेली नसते. उसाची एफआरपी १०.२५ टक्के मूळ उताऱ्याशी बांधलेली आहे, त्यामुळे या फरकाचा शेतकऱ्याच्या बिलाशी थेट संबंध येतो. इथेनॉलकडे वळवलेल्या साखरेचा हिशेब उताऱ्यात कसा धरतात, हे केमिस्टना विचारून लिहावे.

निष्कर्षात ‘कारखान्याची माहिती मिळाली’ असे लिहू नये. वरच्या उदाहरणाचा निष्कर्ष असा होईल : साखरेचा सुमारे १५.६ टक्के भाग पोत्यात आला नाही. त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश मळीत आणि चतुर्थांशाहून अधिक चिपाडात गेला. त्या दिवशी मळीची शुद्धता ३३ होती.