तार नसलेला शॉर्ट

डिप्लोमाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात ऑप-ॲम्प शिकवताना फळ्यावर एक वाक्य हमखास येतं: ‘दोन्ही इनपुट पिनांमध्ये व्हर्च्युअल शॉर्ट असतो.’ मुलं ते वहीत उतरवतात, त्यावरून गणितं सोडवतात आणि मार्कही मिळवतात. पण दोन पिनांमध्ये तार नाही, चिपच्या आतही त्या जोडलेल्या नाहीत. मग शॉर्ट कुठून आला, हे विचारायचं राहूनच जातं.

उदाहरणासाठी 741 घेऊ. 1968 साली फेअरचाइल्डने बाजारात आणलेली ही चिप अजूनही कॉलेजच्या प्रयोगशाळांतून हटलेली नाही. तिला +15 आणि −15 व्होल्टचा पुरवठा दिला. पिन 3, म्हणजे अधिक चिन्हाचा इनपुट, ग्राउंडला जोडला. पिन 2 हा उणे चिन्हाचा इनपुट. त्याला एका बाजूने 1 किलोओहमच्या रेझिस्टरमधून आपलं इनपुट व्होल्टेज दिलं आणि दुसऱ्या बाजूने 10 किलोओहमच्या रेझिस्टरमधून आउटपुटची पिन 6 आणून जोडली. हा दुसरा रेझिस्टर म्हणजेच निगेटिव्ह फीडबॅक.

चिपला काम एकच येतं. पिन 3 आणि पिन 2 यांच्या व्होल्टेजमधला फरक घ्यायचा आणि तो सुमारे दोन लाख पटींनी वाढवून आउटपुटला द्यायचा. ‘दोन्ही पिना सारख्या ठेव’ असं तिला कोणीच सांगितलेलं नाही.

आता इनपुटला 0.5 व्होल्ट द्या. क्षणभर धरू की आउटपुट अजून शून्यावर आहे. दोन रेझिस्टरांच्या वाटणीमुळे पिन 2 वर साधारण 0.45 व्होल्ट येतात. दोन लाख पटींनी वाढवायचं तर आउटपुटला उणे नव्वद हजार व्होल्टवर जावं लागेल! तिथे ते पोचणार नाही, पण त्या दिशेने खाली घसरू तर लागतं. घसरताना ते 10 किलोओहममधून पिन 2 लाही खाली ओढतं. पिन 2 जसजशी शून्याजवळ येते, तसतसं चिपला खाली जायचं कारणच उरत नाही. आउटपुट −5 व्होल्टला थांबतं, कारण तेवढे व्होल्ट धरून ठेवायला पिनांमध्ये 5 भागिले दोन लाख, म्हणजे फक्त 25 मायक्रोव्होल्टचा फरक पुरतो. आउटपुट आणखी खाली गेलं, तर हा फरक कमी होतो आणि ते पुन्हा वर येतं.

हे 25 मायक्रोव्होल्ट म्हणजेच आपला ‘शॉर्ट’. शून्य नव्हे, पण हिशेबात शून्य धरायला हरकत नाही. (प्रत्यक्ष मीटरवर एखादा मिलिव्होल्ट दिसला, तर तो चिपच्या दोन इनपुटांमधल्या जन्मजात तफावतीचा, म्हणजे ऑफसेटचा.) आणि खऱ्या तारेतून करंट वाहतो, तसा इथे पिन 2 मधून पिन 3 कडे वाहत नाही. 1 किलोओहममधून आलेला 0.5 मिलिॲम्पिअर पिनेत शिरू शकत नाही, म्हणून तो जवळजवळ सगळा 10 किलोओहममधून पुढे जातो. तिथे 5 व्होल्ट पडतात. आउटपुट −5 का, याचं उत्तर या वाटेनेही तेच येतं.

आता पिन 2 आणि 3 ची अदलाबदल करून बघा. कागदावर व्हर्च्युअल शॉर्ट धरून गणित केलं, तर उत्तर तेच −5 व्होल्ट येईल! ब्रेडबोर्डवर मात्र आउटपुट साधारण +13 व्होल्टला जाऊन चिकटेल. कारण आता पिनांमधला फरक आउटपुटला ज्या दिशेने ढकलतो, त्याच दिशेने आउटपुट तो फरक वाढवतं. माझ्या मते शिकवताना हे आधी सांगायला हवं: शॉर्ट हा चिपचा गुण नाही, फीडबॅकने घडवून आणलेला परिणाम आहे.

म्हणूनच तो तुटतोही. वेगाने बदलणाऱ्या सिग्नलला 741 ची स्वतःची वाढ घसरते. 10 किलोहर्ट्झला ती शंभर पटींच्या आसपासच राहते. तेव्हा 5 व्होल्टच्या आउटपुटसाठी पिनांमध्ये 50 मिलिव्होल्टचा फरक लागतो, आणि त्याला शून्य म्हणणं जरा धाडसाचंच.

पण प्रयोगशाळेत नेहमी भेटतो तो दुसरा प्रकार. मूळ जोडणीतच इनपुट 2 व्होल्टवर नेलं, तर आउटपुटला −20 व्होल्ट हवेत. पुरवठाच 15 चा, त्यामुळे ते −13 च्या आसपास अडतं. चिप आणखी ओढू शकत नाही आणि पिन 2 हातातून सुटते. हिशेब करा: 2 पासून −13 पर्यंत 15 व्होल्ट, मध्ये एकूण 11 किलोओहम, म्हणजे करंट 1.36 मिलिॲम्पिअर. पिन 2 वर उरतात सुमारे 0.64 व्होल्ट.

तेव्हा पिन 2 वर मीटरने अर्धा-पाऊण व्होल्ट दाखवला, तर चिप जळाली म्हणून लगेच बदलू नका. आधी पिन 6 मोजा.