दोन फोटॉन आणि तीन प्रश्न

मे १९३५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात चार पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते अल्बर्ट आइन्स्टाइन, बोरिस पोडोल्स्की आणि नेथन रोझेन. क्वांटम सिद्धांत वास्तवाचं जे वर्णन करतो ते पूर्ण आहे का, असा त्यांचा प्रश्न होता आणि त्यांचं उत्तर होतं, नाही.

त्यांचा युक्तिवाद आज प्रयोगशाळेत वापरतात त्या फोटॉनच्या जोडीवरून सहज समजतो. एकाच उगमातून निघालेले दोन फोटॉन विरुद्ध दिशांना जातात. प्रत्येकाच्या वाटेत एक ध्रुवक असतो. ध्रुवक म्हणजे प्रकाश गाळणारी चकती. ती हव्या त्या कोनात फिरवता येते. फोटॉन तिच्यातून पार जातो किंवा अडतो. पार गेला तर ‘हो’ म्हणू, अडला तर ‘नाही’. एका बाजूला नुसतं पाहिलं तर निम्मे हो आणि निम्मे नाही येतात, नाणं उडवल्यासारखे. पण दोन्ही ध्रुवक एकाच कोनात असतील तर दोघांची उत्तरं दर वेळी जुळतात.

आता डावीकडे ‘हो’ आलं, की उजवीकडच्या फोटॉनला हातही न लावता त्याचं उत्तर खात्रीने सांगता येतं. इथे केलेल्या मोजणीचा तिथे दूरवर तत्काळ परिणाम होत नाही, असं आइन्स्टाइन धरून चालले होते. मग ते उत्तर त्या फोटॉनपाशी आधीपासूनच असलं पाहिजे. चपलांच्या जोडातला एक पाय एका खोक्यात आणि दुसरा दुसऱ्या खोक्यात घालून पाठवला, तर एक खोकं उघडताच दुसऱ्यातला पाय डावा की उजवा हे कळतं. त्यात नवल काही नाही. क्वांटम सिद्धांत मात्र फोटॉनपाशी असं ठरलेलं उत्तर आहे असं सांगतच नाही, तो फक्त शक्यता देतो. म्हणून तो अपूर्ण आहे, असा हा तर्क.

नील्स बोर यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं, पण वाद मिटला नाही. उत्तर आधीच ठरलेलं असो वा नसो, मोजणीत फरक दिसणार नाही, असंच पुढची जवळजवळ तीस वर्षं वाटत राहिलं. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी फरक दिसतो हे दाखवलं. त्यासाठी दोन्ही बाजूंचे ध्रुवक वेगवेगळ्या कोनांत ठेवून पाहायचं होतं.

त्याचा हिशेब कागदावर करता येतो. ध्रुवकाला ०, ६० आणि १२० अंश असे तीनच कोन द्या. एकाच कोनात उत्तरं नेहमी जुळतात, म्हणजे उत्तरं आधीच ठरलेली असतील तर दोन्ही फोटॉनांनी तिन्ही प्रश्नांची सारखीच उत्तरं सोबत नेली पाहिजेत. समजा ती ‘हो, हो, नाही’ अशी आहेत. दोन बाजूंना दोन वेगळे प्रश्न विचारले तर तीन जोड्या पडतात. पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं जुळतात, उरलेल्या दोन जोड्यांत जुळत नाहीत. म्हणजे तीनांत एकदा. तिन्ही उत्तरं सारखी असतील तर ती दर वेळी जुळतील. उत्तरं दोनच प्रकारची आणि प्रश्न तीन, त्यामुळे कोणतीही दोन उत्तरं सारखी निघणारच. कोणतीही यादी घ्या, वेगळ्या प्रश्नांवर जुळण्याचं प्रमाण एकतृतीयांशाखाली जाऊ शकत नाही. बेल यांच्या असमानतेचं हे सर्वांत सोपं रूप.

क्वांटम सिद्धांताचा नियम सांगतो, की ६० अंशांच्या फरकाला उत्तरं फक्त एकचतुर्थांश वेळा जुळतील. पाव हा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा लहान. आता निसर्गालाच विचारता येणार होतं.

खऱ्या उपकरणात जुळणी कधीच शंभर टक्के नसते. म्हणून १९६९ मध्ये क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी असमानतेला वेगळं रूप दिलं. त्यात चार मोजण्यांवरून एक आकडा काढतात. उत्तरं आधी ठरलेली असतील तर तो २ च्या वर जात नाही. १९७२ पासूनचे प्रयोग क्वांटम सिद्धांताच्या बाजूने येत गेले, पण पळवाटा उरल्या होत्या. अनेक फोटॉन टिपलेच जात नव्हते, आणि टिपलेले नमुन्यादाखल योग्य नसतील अशी शंका राहत होती. शिवाय एका बाजूची मांडणी दुसरीकडे कळायला वेळ मिळत असावा, असंही म्हणता येत होतं. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट इथे हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन १.३ किलोमीटर अंतरावर ठेवून या दोन्ही वाटा एकाच प्रयोगात बंद केल्या. आकडा आला २.४२.

यातून नेमकं काय सिद्ध झालं? क्वांटम सिद्धांत पूर्ण आहे, हे नव्हे. दूरवर तत्काळ प्रभाव मान्य करून उत्तरं आधी ठरलेली मानणारा डेव्हिड बोम यांचा सिद्धांत आजही टिकून आहे. प्रश्नांची निवड फोटॉनवरच्या यादीशी आधीच जोडलेली नाही, हे गृहीतही हिशेबात आहेच. आणि या मार्गाने निरोप पाठवता येत नाही, कारण प्रत्येक बाजूला एकटं पाहिलं तर निम्मे हो आणि निम्मे नाहीच दिसतात.

बदललं ते इतकंच, पण ते मुळाशी आहे. आइन्स्टाइन यांच्या तर्काची एकेक पायरी बरोबर होती. दूरचा परिणाम नाही असं मानलं, तर उत्तरं आधी ठरलेली असावीच लागतात. बेल यांनी त्याच वाटेने आणखी एक पाऊल टाकलं आणि ती वाट मोजमापाशी विसंगत ठरते हे दाखवलं. चपलांचा खुलासा निसर्गाला लागू पडत नाही. आइन्स्टाइन १९५५ मध्ये वारले. त्यांच्या आक्षेपाची कसोटी लावणारा बेल यांचा निबंध त्यानंतर नऊ वर्षांनी आला.