थकलेल्या भाड्याचा लॉकर परत करताना

बँकेचा लॉकर ही मोठी अजब वस्तू आहे. आधी बँकेची किल्ली फिरते, मग ग्राहकाची, तेव्हा कुठे दार उघडते. ग्राहकाच्या किल्लीची जोडकिल्ली बँकेकडे नसते आणि आत काय ठेवले आहे हेही तिला ठाऊक नसते. भाडे थकले म्हणून बँकेला लगेच लॉकर फोडता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२१च्या नियमांनुसार भाडे सलग तीन वर्षे थकावे लागते, आधी नोटीस द्यावी लागते आणि फोडताना बँकेचा अधिकारी व दोन स्वतंत्र साक्षीदार हजर लागतात. सगळ्याचे व्हिडिओ चित्रणही करावे लागते.

या नियमांच्या मुळाशी कोलकात्यातला एक लॉकर आहे. बँकेने १९९४ साली तो भाडे थकल्याचे सांगून फोडला. पुढे तिनेच कबूल केले की थकबाकी नव्हतीच. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बँकेला पाच लाखांची भरपाई द्यायला लावली आणि रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करायला सांगितले. एका हिशेबाच्या चुकीतून देशभरातल्या लॉकरधारकांना संरक्षण मिळाले! म्हणूनच थकबाकीचा आकडा हाती आला की तो उलगडून पाहायला हवा.

एक उदाहरण घेऊ. लॉकरचे वार्षिक भाडे २,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६०. भाडेवर्ष एप्रिलपासूनचे आणि थकलेले हे तिसरे वर्ष. शाखा सांगते, भाडे ७,०८० आणि दंड १,५००, एकूण ८,५८० रुपये. ग्राहकाला ३० सप्टेंबरला लॉकर परत करायचा आहे.

‘सगळी थकबाकी माफ करावी’ असा एका ओळीचा अर्ज बहुतेक वेळा टेबलावरच पडून राहतो, कारण ८,५८०मध्ये तीन निरनिराळ्या रकमा आहेत. पहिली, १,५०० रुपये दंडाची. ती कमी करण्याचा अधिकार बहुधा शाखा पातळीवरच असतो. पत्ता बदलल्याचा अर्ज दिला होता आणि तरी नोटिसा जुन्या पत्त्यावर गेल्या, असे असेल तर त्या अर्जाची पोच जोडावी. दुसरी रक्कम १,१८० रुपयांची, म्हणजे ऑक्टोबरपासूनच्या सहा महिन्यांचे भाडे आणि कर. लॉकर मध्येच परत केला तर आगाऊ घेतलेल्या भाड्यातला उरलेल्या काळाचा हिस्सा परत द्यावा, असा नियम आहे. मग न घेतलेला हिस्सा मागूही नये, हा युक्तिवाद वजनदार ठरतो.

उरतात ५,९०० रुपये. लॉकर ग्राहकाच्या ताब्यात होता त्या अडीच वर्षांचे हे भाडे. ते माफ होणे सर्वस्वी बँकेच्या मर्जीवर आहे आणि निर्णय बहुधा वरच्या कार्यालयात होतो. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही चुकीच्या आकारणीचीच तक्रार टिकते. निव्वळ माफी मिळवून देणे हे त्याचे काम नव्हे. मात्र लॉकर घेताना मुदत ठेव ठेवली असेल, तर ती आठवावी. तीन वर्षांचे भाडे आणि लॉकर फोडण्याचा खर्च भागेल एवढीच ठेव बँकेला मागता येते. फोडण्याची मुदतही तीन वर्षांचीच! थकबाकीची तरतूद आधीच झालेली असते, त्यामुळे ‘ठेवीतून वळते करून बाकी रक्कम परत द्यावी’ असे अर्जात लिहिता येते.

किल्ली देण्याच्या दिवशी लॉकर अधिकाऱ्यासमोर रिकामा करावा. कप्प्याच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत हात फिरवून पाहावा. अंगठीसारखी लहान वस्तू तिथेच राहून जाते. मग किल्ली क्रमांकासह परत केल्याची पोच घ्यावी.

पण किल्ली परत गेली तरी संगणकातली लॉकरची नोंद आपोआप मिटत नाही. ती चालू राहिली, तर पुढच्या एप्रिलमध्ये बचत खात्यातून भाडे पुन्हा वजा होते. म्हणून नुसते ‘बाकी नाही’ असे पत्र पुरत नाही. लॉकर क्रमांक, परत केल्याची तारीख, लॉकर रिकामा व किल्ली मिळाली ही नोंद, भाडे, कर आणि दंड यांची बाकी शून्य, करार रद्द, ठेवीवरचा बोजा काढला, खात्यातून भाडे वजा करण्याची सूचना बंद, हे सगळे शिक्क्यासह हवे. माफ झालेली रक्कमही आकड्यात लिहून घ्यावी, म्हणजे पुढच्या तपासणीत ती ‘वसूल व्हायची’ म्हणून पुन्हा वर येणार नाही. एप्रिलचे पासबुक भरून घ्या; त्यात लॉकरभाड्याची ओळ दिसली, तर हेच पत्र दाखवून रक्कम परत मागता येते.